कमांडच्या ओळीतील अवतरणचिन्हे आणि बॅकस्लॅश: एका विचित्र नियमाची पार्श्वभूमी

विंडोजवर एखाद्या प्रोग्रामला फोल्डरचा पत्ता देताना शेवटी बॅकस्लॅश राहून गेला आणि पत्त्यात रिकामी जागा असल्यामुळे तो अवतरणचिन्हांत घातलेला असला, तर पुष्कळदा प्रोग्राम असा काही पत्ता सापडत नसल्याची तक्रार करतो, जो आपण टाइप केलेलाच नसतो. पुढील ओळ पाहावी.

```
backup.exe "C:\My Photos\" D:\
```

लिहिणाऱ्याच्या मनात येथे दोन आर्ग्युमेंट आहेत, एक मूळ फोल्डर आणि दुसरे नक्कल ठेवण्याची जागा. मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमवर बांधलेल्या प्रोग्रामला मात्र एकच आर्ग्युमेंट मिळते, आणि ते असे असते.

```
C:\My Photos" D:\
```

हा रनटाइममधील दोष नाही, तो लेखी नियमानुसारच वागत असतो. तो नियम असा का झाला, हे समजण्यासाठी ओळीचे तुकडे करण्याचे काम कोणत्या व्यवस्थेत कोणाकडे सोपवले गेले, येथपासून सुरुवात करावी लागते.

युनिक्समध्ये हे काम आरंभापासून शेलकडे आहे. 1971 च्या पहिल्या आवृत्तीतही नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या `exec` या सिस्टिम कॉलला प्रोग्रामचे नाव आणि आर्ग्युमेंटची यादी अशा दोन वेगळ्या गोष्टी द्याव्या लागत. म्हणजे कर्नलपर्यंत पोहोचण्याआधीच ओळीचे तुकडे पडलेले असत, आणि चालणाऱ्या प्रोग्रामला मूळ ओळ कशी दिसत होती, तिच्यात अवतरणचिन्हे होती की नव्हती, याचा पत्ता लागण्याचे कारणच नव्हते. 1979 च्या सातव्या आवृत्तीसोबत आलेल्या बॉर्न शेलचे नियम पुढे पॉझिक्स मानकाचा पाया ठरले. एकेरी अवतरणचिन्हांतील प्रत्येक अक्षर जसेच्या तसे घ्यायचे, तेथे बॅकस्लॅशलाही काही अर्थ नाही. दुहेरी अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश केवळ डॉलर, बॅकटिक, दुहेरी अवतरणचिन्ह, स्वतः बॅकस्लॅश आणि ओळीचा शेवट यांच्याआधीच अर्थपूर्ण. आणि अवतरणाबाहेर तो पुढील कोणत्याही अक्षराचा विशेष अर्थ काढून घेतो. मात्र ओळीच्या शेवटी आला तर ती ओळ पुढील ओळीला जोडतो. नियम गुंतागुंतीचे आहेत खरे, पण ते एकाच ठिकाणी लागू होतात, आणि एकदा शेलने तुकडे केले की पुढे कोणीही ते पुन्हा जोडत किंवा तोडत नाही.

या नियमांमधील एक बारकावा स्वतःचा पार्सर लिहिणाऱ्याच्या हातून हमखास सुटतो. अवतरणचिन्हे आर्ग्युमेंटची हद्द ठरवत नाहीत. ती फक्त आतील रिकाम्या जागेची तोडण्याची शक्ती काढून घेतात. म्हणून `a"b c"d` हे तीन तुकडे नसून `ab cd` हे एकच आर्ग्युमेंट आहे, आणि नुसते `""` हे रिकामे पण अस्तित्वात असलेले आर्ग्युमेंट आहे. ‘आतापर्यंत जमलेली अक्षरे शून्य असतील तर तुकडा टाकायचा नाही’ असे लिहिलेला पार्सर हे रिकामे आर्ग्युमेंट गिळून टाकतो आणि त्यानंतरच्या सगळ्या आर्ग्युमेंटचा क्रमांक एकेकाने कमी होतो. त्यामुळे तुकडा सुरू झाला आहे की नाही, याची खूण जमलेल्या अक्षरांपासून वेगळी ठेवावी लागते.

दुसरी परंपरा छोट्या संगणकांची. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीत कमांडच्या नावापुढील सगळा मजकूर स्मृतीतील 80 हेक्स या पत्त्यावर, आधी लांबीचा एक बाइट आणि मग अक्षरे, असा एकसंध ठेवला जाई. त्याचा अर्थ लावणे ही त्या त्या प्रोग्रामची जबाबदारी होती. 1981 मध्ये आलेल्या डॉसने हीच मांडणी उचलली. प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी असलेल्या 256 बाइटच्या भागात त्याच 80 हेक्स या अंतरावर हा मजकूर असे, आणि त्याच्यासाठी लांबीचा बाइट धरून 128 बाइटच उपलब्ध होते. इतक्या तुटपुंज्या जागेत तयार यादी पाठवण्याचा विचार कोणी केला नसावा, यात नवल नाही.

याच सुमारास दुसरा एक निर्णय झाला, ज्याचा आपल्या विषयाशी वरवर पाहता संबंध नव्हता. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, आणि कमांडचे पर्याय लिहिण्यासाठी `/` हे चिन्ह वापरात आले होते. 1983 च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा पत्त्याचे भाग वेगळे करण्यासाठी युनिक्सप्रमाणे `/` घेणे शक्य राहिले नाही आणि निवड बॅकस्लॅशवर गेली. इकडे सी भाषेत मात्र बॅकस्लॅश हे पुढील अक्षराचा अर्थ बदलणारे चिन्ह म्हणून आधीच रुळलेले होते.

या दोन गोष्टींची गाठ पडली ती सी भाषेत लिहिलेले प्रोग्राम या यंत्रांवर येऊ लागले तेव्हा. सी भाषेतील `main` ला आर्ग्युमेंटची यादी हवी असते आणि डॉसकडे फक्त एक ओळ होती. म्हणून तुकडे करण्याचे काम `main` सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या रनटाइमने अंगावर घेतले. 1993 च्या विंडोज एनटीने स्वतःची नवी रचना उभारली, तरी या बाबतीत जुनीच वाट धरली. तिच्या `CreateProcess` या फंक्शनला आजही आर्ग्युमेंटसाठी एकच स्ट्रिंग द्यावी लागते. तिची मर्यादा तेवढी 32,767 अक्षरांपर्यंत वाढली.

रनटाइम लिहिणाऱ्यांपुढील पेच खरा होता. बॅकस्लॅशला युनिक्सप्रमाणे सर्वत्र अर्थ दिला, तर प्रत्येक पत्ता दुप्पट बॅकस्लॅश घालून लिहावा लागला असता. अजिबात दिला नाही, तर आर्ग्युमेंटच्या आत अवतरणचिन्ह पाठवायला सोयच उरली नसती. त्यातून जी तडजोड निघाली ती अशी: बॅकस्लॅशच्या सलग रांगेनंतर अवतरणचिन्ह नसेल, तर सगळे बॅकस्लॅश जसेच्या तसे राहतात. अवतरणचिन्ह असेल आणि रांगेतील संख्या सम असेल, तर निम्मे बॅकस्लॅश उरतात आणि ते चिन्ह अवतरण उघडते किंवा मिटवते. संख्या विषम असेल, तर प्रत्येक जोडीचा एक बॅकस्लॅश उरतो आणि शेवटचा एकटा बॅकस्लॅश अवतरणचिन्हाला साधे अक्षर बनवतो.

आता आरंभीच्या ओळीवर हा नियम चालवून पाहू. पहिल्या अवतरणचिन्हाने अवतरण उघडते. `C:` नंतरच्या बॅकस्लॅशपुढे `M` आहे, म्हणून तो तसाच राहतो. `Photos` नंतर एकच बॅकस्लॅश आहे आणि त्यापुढे अवतरणचिन्ह आहे. एक ही विषम संख्या, म्हणून बॅकस्लॅश नाहीसा होतो आणि अवतरणचिन्ह अक्षर म्हणून आर्ग्युमेंटमध्ये जाते. अवतरण अजून उघडेच असल्यामुळे पुढील रिकामी जागा तोडत नाही, `D:\` त्याच आर्ग्युमेंटला चिकटते आणि ओळ संपते. अवतरण मिटलेच नाही, याबद्दल रनटाइम अवाक्षर काढत नाही. माझ्या मते या नियमाचा सर्वांत त्रासदायक भाग हा मूकपणाच आहे. पायथनच्या `shlex.split` ला न मिटलेले अवतरण दिले तर ते `No closing quotation` असे सांगून थांबते. येथे मात्र चूक पुढे जाऊन न सापडणाऱ्या फोल्डरच्या रूपाने प्रकट होते. त्रुटीच्या संदेशातील पत्त्याच्या मध्येच अवतरणचिन्ह दिसले, तर कारण बहुधा हेच असते. शेवटचा बॅकस्लॅश काढून टाकणे किंवा तो दोनदा लिहिणे, हा त्यावरचा उपाय आहे.

उलट बाजूचा घोटाळाही तितकाच सामान्य आहे. युनिक्सच्या नियमांनी चालणारे पार्सर विंडोजच्या पत्त्यांवर लावले, तर बॅकस्लॅश नाहीसे होतात.

```python
>>> import shlex
>>> shlex.split(r'copy C:\temp\new.txt')
['copy', 'C:tempnew.txt']
```

त्याचप्रमाणे एकेरी अवतरणचिन्हांना विंडोजच्या रनटाइममध्ये कसलाही अर्थ नाही, त्यामुळे `'a b'` लिहिल्यास `'a` आणि `b'` असे दोन तुकडे हाती येतात.

तुकडे करणारा प्रोग्राम स्वतः असल्यामुळे विंडोजवर सर्वांनी पाळावा असा एक नियम कधीच झाला नाही. प्रोग्रामच्या नावाचा पहिला तुकडा रनटाइम वेगळ्या नियमाने वाचतो. फाइलच्या नावात अवतरणचिन्ह येऊच शकत नसल्यामुळे तेथे बॅकस्लॅशला अर्थ दिलेला नाही. अवतरणाच्या आत लागोपाठ आलेल्या दोन अवतरणचिन्हांचे काय करायचे, याबाबत निरनिराळ्या पार्सरांचे एकमत नाही. आणि `cmd.exe` तर बॅकस्लॅशला अवतरणचिन्हाचा रक्षक मानतच नाही. त्याचे स्वतःचे चिन्ह `^` आहे.

या शेवटच्या फरकाची किंमत 2024 मध्ये मोजावी लागली. अनेक भाषांच्या लायब्ररी वापरणाऱ्याकडून यादी घेतात आणि वर सांगितलेल्या नियमाने तिची एक स्ट्रिंग बनवून `CreateProcess` ला देतात. पण चालवायची फाइल `.bat` किंवा `.cmd` असेल, तर विंडोज ती आपणहून `cmd.exe` कडे सोपवते आणि मग ओळ वाचणारा बदलतो. समजा, बाहेरून आलेल्या आर्ग्युमेंटमध्ये `a"&calc` असा मजकूर आहे. लायब्ररी तो अवतरणांत घालण्याचे ठरवते आणि त्याचे `"a\"&calc"` असे रूप करते. सी रनटाइमच्या दृष्टीने हे एकच निरुपद्रवी आर्ग्युमेंट आहे. `cmd.exe` ला मात्र दुसऱ्या अवतरणचिन्हापाशी अवतरण मिटलेले दिसते, `&` उघड्यावर पडतो आणि त्यापुढील मजकूर ते नवी कमांड म्हणून चालवू पाहते.

रस्ट भाषेत हा दोष CVE-2024-24576 या क्रमांकाने नोंदवला गेला आणि 9 एप्रिल 2024 रोजी 1.77.2 ही आवृत्ती त्यासाठी काढण्यात आली. `cmd.exe` चे वाचन इतके गुंतागुंतीचे आहे की प्रत्येक मजकूर सुरक्षित करणारी पद्धत रस्टच्या संघाला सापडली नाही. म्हणून बॅच फाइलसाठीचे रूपांतर अधिक कडक करून, जे आर्ग्युमेंट सुरक्षितपणे पाठवता येईल याची खात्री नाही, त्यासाठी प्रोग्राम सुरूच न करता `InvalidInput` ही त्रुटी परत करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. ज्यांना समोरच्या प्रोग्रामचा नियम माहीत आहे आणि ओळ स्वतःच रचायची आहे, त्यांच्यासाठी विंडोजवर `raw_arg` ही वेगळी वाट आहे. तिने दिलेला मजकूर लायब्ररी कोणताही बदल न करता ओळीत जोडते आणि त्यातील अवतरणांची जबाबदारी पूर्णपणे लिहिणाऱ्यावर राहते.