रिकाम्या पोटी चालल्याने चरबी जास्त जळते, मग वजन का नाही उतरत?

सकाळी काहीही न खाता चाललं की डायरेक्ट पोटाची चरबी जळते, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यात नेमकं खरं किती आणि पुढे गाडी कुठे अडते ते एकदा नीट लिहायचंच होतं.

पहिला भाग खरा आहे बरं का. रात्रभर पोटात काही गेलेलं नसतं त्यामुळे सकाळी रक्तातलं इन्शुलिन कमी असतं, आणि इन्शुलिन कमी असलं की चरबीच्या पेशी फॅटी अ‍ॅसिड्स सहज सोडतात, आणि हळू चालीला स्नायूंनाही तेच इंधन चालतं. हे श्वासावरून मोजता येतं. शरीराने बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजनने भागून गुणोत्तर काढतात, नुसती चरबी जळत असेल तर ते ०.७ च्या आसपास येतं आणि नुसते कार्ब्स जळत असतील तर १. उपाशीपोटी चालणाऱ्याचा आकडा ०.७ कडे झुकतो, नाश्ता करून चालणाऱ्याचा १ कडे. लॅबमध्ये हे वारंवार दिसलंय, त्यात वाद नाही.

आता हा फरक ग्रॅममध्ये किती भरतो ते बघू. समजा ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने ४५ मिनिटं चालला, तर साधारण १८५ कॅलरी खर्च होतात (यातल्या पन्नासेक तर तो नुसता बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या, हे आपण नेहमी विसरतो). उपाशीपोटी यातल्या ६५ टक्के चरबीतून आल्या असं धरू आणि खाऊन चालल्यावर ५० टक्के. माणसागणिक हे आकडे बदलतात, पण हिशोबाला चालतील. १ ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, म्हणजे एकीकडे जळली १३ ग्रॅम आणि दुसरीकडे १०. सगळा फायदा ३ ग्रॅमचा, आणि तोही फक्त त्या पाऊण तासापुरता!

आणि दिवस काही तिथे संपत नाही ना. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा लिव्हर आणि स्नायू मिळून जेमतेम अर्धा किलो असतो, त्यात वाट्टेल तेवढे कार्ब्स मावत नाहीत, त्यामुळे दिवसभरात खाल्लेले कार्ब्स आज ना उद्या जाळावेच लागतात. सकाळी चरबी जास्त जाळली तर कार्ब्स शिल्लक राहतात आणि मग ते दुपारी, संध्याकाळी जळतात, तेवढा वेळ चरबीला सुट्टी. ज्याने खाऊन चालताना कार्ब्स जाळले त्याचं नेमकं उलट होतं. एका दिवसाच्या मोजमापात नाश्त्याआधीच्या व्यायामाने २४ तासांत जास्त चरबी जळल्याचंही दिसलंय, पण तेव्हा ग्लायकोजेन थोडं खाली गेलेलं असतं, ते रोज रोज खाली जात राहू शकत नाही. आठवड्यांचा हिशोब धरला तर शेवटी एकच गोष्ट उरते, खाल्लं किती आणि खर्च किती झालं.

२०१४ मध्ये व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड यांच्या टीमने हेच तपासलं. २० तरुणी, ४ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस तासभर कार्डिओ, एक ग्रुप उपाशी आणि एक खाऊन, आणि दोन्ही ग्रुपचा डाएट गरजेपेक्षा कमी कॅलरींचा ठेवलेला. वजन आणि चरबी दोन्ही ग्रुपची कमी झाली पण दोघांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण नंतरच्या एका ब्रिटिश अभ्यासातही, जास्त वजनाच्या पुरुषांवर, ६ आठवडे, उपाशी ग्रुपने व्यायाम करताना जवळपास दुप्पट चरबी जाळली आणि वजनात तरीही फरक नाही. त्यांचा इन्शुलिनला प्रतिसाद मात्र सुधारला, आणि हा फायदा मला वजनापेक्षा जास्त लक्ष देण्यासारखा वाटतो.

खरी गडबड होते ती घरी परतल्यावर. भूक लागलेली असते, आज चाललोय म्हणून हात सैल सुटतो आणि दोन बिस्किटं जास्त गेली की त्या ३ ग्रॅम चरबीच्या २७ कॅलरी केव्हाच परत आलेल्या असतात. त्यात चालून आल्या आल्या काट्यावर उभं राहिलं की आकडा कमी दिसतो आणि माणूस खूश होतो, पण तो असतो गेलेला घाम. म्हणून वजन रोज उठल्यावर, चालायला जायच्या आधी करा आणि आठवड्याची सरासरी काढा, तीन-चार आठवडे ती हलली नाही तर जेवण आणि खर्च बरोबरीला आलेत असं समजा, चालायची वेळ बदलून तो हिशोब बदलणार नाही.

उपाशी चालायला बरं वाटत असेल, पोट हलकं वाटत असेल तर खुशाल चाला, आणि खाऊन जास्त लांब चालवत असेल तर खाऊन चाला कारण मग एकूण खर्च जास्त होतो. फक्त डायबेटिससाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशी चालण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, शुगर ७० च्या खाली गेली तर हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, गरगरतं, अशा वेळी लगेच थांबून साखर किंवा ग्लुकोज खायचं आणि १५ मिनिटांनी शुगर परत तपासायची.