विमानतळावरील सामान वितरण (सांबरा, बेळगाव)

विमान थांबल्यापासून प्रवाशाची बॅग आगमन कक्षातल्या फिरत्या पट्ट्यावर येईपर्यंतच्या कामाला सामान वितरण म्हणतात. पट्ट्याला बोलीभाषेत सर्रास 'बेल्ट' म्हटले जाते. बेळगाव शहराच्या पूर्वेला सुमारे 10 किलोमीटरवर असलेल्या सांबरा विमानतळावर हे काम विशेष चांगले समजून घेता येते, कारण इथे विमान, ट्रॉली आणि पट्टा यांच्यातले अंतर थोडे आहे. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली असून सध्याचे टर्मिनल 2017 मध्ये सुरू झाले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतले प्रवासी त्याचा वापर करतात. बॅगेच्या चिठ्ठीवर या विमानतळाचे संकेताक्षर IXG असे छापलेले असते.

अंतर कमी असूनही बॅगेची वाट पाहावीच लागते. अंतर कमी असल्यामुळे ती जास्त जाणवते, असे म्हणणे अधिक बरोबर. मोठ्या विमानतळावर प्रवासी दहा-पंधरा मिनिटे चालत किंवा बसने येतो आणि तेवढ्यात मागे सामानाचे काम उरकत असते. सांबऱ्याला तो काही मिनिटांत पट्ट्यापाशी उभा राहतो. त्याची बॅग तेव्हा बहुधा विमानातच असते.

पट्टा हा या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत सोपा दुवा आहे. वेळ जातो तो त्याआधी. इंजिन बंद होऊन विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा विझल्याशिवाय सामान उतरवणारे, म्हणजे लोडर, विमानाजवळ जात नाहीत. पंख्याच्या एटीआर विमानात पंखे पूर्ण थांबावे लागतात. चाकांना ठोकळे लागतात, पंखांच्या टोकांशी शंकू ठेवले जातात आणि मगच सामानकक्षाचे दार उघडते. एटीआरचा कक्ष जमिनीपासून फार उंच नसल्याने बॅगा हातोहात उतरवता येतात. एअरबस ए320 मध्ये मात्र कक्ष प्रवाशांच्या पायाखाली असतो, त्याची उंची जेमतेम सव्वा मीटर. आतला लोडर गुडघ्यांवर बसून किंवा पाठीत वाकून एकेक बॅग दाराकडे सरकवतो आणि ती तिरप्या सरकत्या पट्ट्यावरून खाली ट्रॉलीत येते. वीस-पंचवीस किलोच्या बॅगा या स्थितीत ओढणे किती कष्टाचे आहे, याची कल्पना बाहेर उभ्या प्रवाशाला सहसा नसते. म्हणूनच एका बॅगेचे वजन 32 किलोपेक्षा जास्त नसावे असा दंडक बहुतेक विमान कंपन्या पाळतात. तो माणसाच्या कमरेसाठी आहे.

प्रत्येक बॅग दोनदा हाताळली जाते, एकदा विमानातून ट्रॉलीत आणि दुसऱ्यांदा ट्रॉलीतून पट्ट्यावर. मधला प्रवास ती एकटी करत नाही, ट्रॉली भरेपर्यंत थांबून बाकीच्या बॅगांबरोबर करते. उशिराचे मूळ या थांबण्यात आहे. हे एका उदाहरणाने नीट कळेल. त्यातले आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत.

समजा, ए320 मध्ये 120 बॅगा आहेत. एक बॅग उतरवायला 8 सेकंद आणि पट्ट्यावर ठेवायला 6 सेकंद लागतात. एका ट्रॉलीत 30 बॅगा मावतात, ट्रॅक्टर एका वेळी दोन ट्रॉल्या ओढतो आणि ट्रॅक्टर एकच आहे. एका बाजूची फेरी 2 मिनिटांची. इंजिन बंद झाल्यावर चौथ्या मिनिटाला पहिली बॅग निघते. 60 बॅगा भरायला 8 मिनिटे लागतात, म्हणून ट्रॅक्टर बाराव्या मिनिटाला निघतो, चौदाव्याला पट्ट्यामागे पोचतो आणि विसाव्या मिनिटापर्यंत बॅगा ठेवल्या जातात. तो परत विमानाशी येतो बाविसाव्याला. उरलेल्या 60 बॅगा तोवर उतरून तयार असतात. त्या चोविसाव्या मिनिटापासून पट्ट्यावर येऊ लागतात आणि तिसाव्याला काम संपते. विसाव्या ते चोविसाव्या मिनिटापर्यंत पट्टा रिकामा फिरतो किंवा बंद पडतो. आपली बॅग हरवली, असे प्रवाशाला वाटते ते याच चार मिनिटांत. प्रत्यक्षात पहिली खेप संपलेली असते आणि दुसरी वाटेत असते.

फेब्रुवारी 2024 मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने सात विमान कंपन्यांना लिहून कळवले की, इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग 10 मिनिटांत आणि शेवटची 30 मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. वरच्या उदाहरणात शेवटची बॅग कशीबशी वेळेत बसते, पहिली मात्र चार मिनिटांनी चुकते. ती वेळेत आणायचा सोपा मार्ग म्हणजे पहिली फेरी 15 बॅगांवरच सोडणे. मग ट्रॅक्टर सहाव्या मिनिटाला निघतो आणि आठव्याला पहिली बॅग दिसते. पण या 15 बॅगा साडेनवव्या मिनिटाला संपतात. ट्रॅक्टर परत जाऊन चौदाव्या मिनिटाला 60 बॅगा भरून घेतो आणि त्या पट्ट्यावर यायला सोळावे मिनिट उजाडते. उरलेल्या 45 बॅगा तिसऱ्या फेरीत येतात आणि साडेतिसाव्या मिनिटाला संपतात. पहिल्या बॅगेचा नियम पाळला गेला, पण मधे साडेसहा मिनिटे पट्टा ओसाड राहिला आणि शेवटच्या प्रवाशाला काहीच फायदा झाला नाही. खरा फरक पडतो तो दुसऱ्या ट्रॅक्टरने. तो बाराव्या मिनिटाला रिकामा उभा असेल तर पहिल्या हिशेबातली दुसरी खेप बाविसाव्याला पोचते आणि काम अठ्ठाविसाव्याला संपते. पहिल्या बॅगेचा मिनिट मोजण्यापेक्षा दोन खेपांमधली पोकळी मोजली, तर विमानतळाचा कारभार अधिक खरा कळतो.

एटीआरमध्ये बॅगा चाळीस-पन्नास असतात आणि बहुधा एकाच खेपेत येतात, म्हणून पट्टा सुरू झाल्यावर मधे अडत नाही. तिथे दुसरी अडचण असते. या विमानातले प्रवासी शेपटाकडच्या दाराने उतरून चालत निघतात आणि त्यांच्या रांगेतून ट्रॅक्टर नेता येत नाही. रांग सरेपर्यंत भरलेली ट्रॉली उभी राहते. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेच्या दुपारी, जवळपास वीज कोसळत असेल तर मोकळ्या फरसबंदीवरचे काम थांबवावे लागते. मग बॅगा विमानातच राहतात आणि प्रवासी आडोशाला.

आखाती देशांतून येणाऱ्यांचा उशीर वेगळा. मुंबई किंवा गोव्याला उतरल्यावर त्यांच्या बॅगा पट्ट्यावर येण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या क्ष-किरण यंत्रातून जातात आणि संशयित बॅगेवर खूण केली जाते. पुढे विमानानेच बेळगावला यायचे असेल तर बॅग तिथे ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावी लागते. ती न उचलता पुढच्या विमानाकडे गेलेला प्रवासी सांबऱ्याच्या पट्ट्यापाशी कितीही थांबला तरी ती येणार नाही.

पट्टा बंद झाला, मागचा पडदा हलेनासा झाला आणि त्याच विमानातले इतर प्रवासीही रिकाम्या हातांनी उभे असतील, तर खेप बाकी आहे असे समजावे. एकटेच उरलो असू तर बॅग बहुधा विमानात चढलीच नाही. लहान विमानात वजनाची मर्यादा गाठली की काही बॅगा मागे ठेवून पुढच्या विमानाने पाठवतात. अशा वेळी कक्षातून बाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून क्रमांक घ्यावा आणि बॅगेच्या चिठ्ठीवरचा दहा आकडी क्रमांक दाखवावा. बॅग कुठे राहिली, हे त्याच क्रमांकावरून शोधले जाते.