केटररकडून ॲडव्हान्स मागायचा की खर्च? पत्रातल्या दोन वेगळ्या रकमा

माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न सांगलीत झालं. ४०० ताटं, ताटाला २२० रुपये, म्हणजे ८८ हजारांचं काम. त्यातले ३० हजार ॲडव्हान्स दिलेले. लग्नादिवशी सकाळी साडेसात वाजले तरी कार्यालयाच्या मागच्या चुलाणावर पातेलं चढलं नव्हतं आणि केटररचा फोन बंद. शेवटी दुसरा आचारी वाढप्यांसकट उभा केला. ऐनवेळचं काम म्हणून त्यानं ताटाला ३०० घेतले, १ लाख २० हजार झाले.

पाचव्या दिवशी दादा माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आला. म्हणाला, "दीड लाख लिही. तीस त्याला दिले, एक वीस दुसऱ्याला. खिशातनं तेवढंच गेलंय."

मी म्हटलं, "दादा, दीड लाख मागितलेस तर पाहुणे फुकट जेवले असं होईल. केटरर आला असता तरी ८८ हजार जाणारच होते ना?"

ॲडव्हान्सचा परतावा आणि वाढीव खर्चाची भरपाई या दोन गोष्टी इथंच एकमेकींत मिसळतात. परतावा म्हणजे आपलेच पैसे, ज्यांच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. तुमचं नुकसान किती झालं हा प्रश्नच तिथं येत नाही. दुसरा आचारी ७५ हजारांत मिळाला असता, तरी ३० हजार मागता आलेच असते. भरपाई म्हणजे करार मोडल्यामुळे ठरल्यापेक्षा जास्त गेलेली रक्कम, फक्त फरक. १ लाख २० हजारांतून ८८ हजार वजा केले की ३२ हजार. त्यात ॲडव्हान्सचे ३० हजार मिळवले की ६२ हजार, एवढीच मागणी. हिशेब उलटा करूनही पडताळता येतो: एकूण दीड लाख गेले, ८८ हजार जाणारच होते, उरले ६२. दादाला हे पटायला दोन चहा लागले.

पुरावाही दोन्हींचा वेगळा. ॲडव्हान्ससाठी पावती किंवा यूपीआयची नोंद, आणि तारीख, वेळ, ताटं, दर लिहिलेली बुकिंगची चिठ्ठी असली की झालं. भरपाईला जास्त लागतं: दुसऱ्या आचाऱ्याचं सहीचं बिल, पैसे दिल्याची नोंद, पहिल्याला केलेल्या फोनची यादी. आणि जेवण साधारण तेच असावं लागतं. ठरलं होतं मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा. नव्या बिलात पनीर आणि आइस्क्रीम घुसलं असेल, तर तेवढा भाग आपणच वजा करून मागावा. नाहीतर केटरर तेवढंच बोट धरून सगळं बिल खोटं म्हणतो.

केटररचं ठरलेलं उत्तर असतं, "पावतीवर छापलंय, ॲडव्हान्स परत मिळणार नाही." ही ओळ गिऱ्हाइकानं लग्न रद्द केलं तर उपयोगी पडेल. स्वतःच न आलेल्याला तिचा आधार घेता येत नाही. उलट भरपाईबाबत तो "एवढा महाग आचारी कशाला घेतलात?" असं विचारू शकतो, आणि हा प्रश्न रास्त आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ करारभंगातून सरळ उद्भवणारं नुकसान देतं, लांबचं नाही. आणि ते कमी करायला तुमच्या हातात काय होतं, हेही बघतं. म्हणून पत्रात "सकाळी साडेसातला, एवढ्या ताटांना तयार असलेला हाच आचारी मिळाला" हे वाक्य हवंच. व्याही रुसले, हे मात्र या हिशेबात बसत नाही. मनस्तापाची भरपाई पुढं तक्रारीत वेगळी मागता येते.

आम्ही लिहिलेला मधला भाग असा:

"ठरलेली सेवा आपण मुळीच दिली नाही, म्हणून (१) ॲडव्हान्सचे रु. ३०,००० परत करावेत. (२) ऐनवेळी पर्यायी जेवणासाठी ठरलेल्या रु. ८८,००० पेक्षा जादा गेलेले रु. ३२,००० द्यावेत. एकूण रु. ६२,०००, पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत. बिलाची व पावतीची प्रत सोबत आहे."

दोन आकडे वेगळे ठेवायचं कारण व्यवहाराचं आहे. केटरर दुसऱ्यावर घासाघीस करेल, पण पहिल्यावर त्याला फारसं बोलता येत नाही. त्यानं फक्त ३० हजार पाठवले, तर "पहिल्या बाबीपोटी मिळाले, दुसरी बाकी" असं लगेच लेखी कळवावं. "सगळं मिटलं" अशा मजकुराखाली सही करू नये.

पत्र स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपून ठेवावी. वकील लागतोच असं नाही. उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते. केटरर साताऱ्याचा आणि घर सांगलीत, तर सांगलीतच. व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

दादानं पत्र पोस्टात टाकण्याआधी शेवटी विचारलं, "ते ३२ हजार त्यानं नाही दिले तर?" मी म्हटलं, तीस आधी येऊ देत.