कडेचे दोन वर्ग पाहून फसू नका

आठवीच्या एका पोरीनं वहीत लिहून आणलं होतं: 4x² + 29xy + 25y² = (2x + 5y)². कसं काय, विचारलं तर म्हणाली, “सर, दोन्ही कडेला वर्गच आहेत की!”

कडेला वर्ग आहेत, यात वाद नाही. 4x² हा 2x चा वर्ग आणि 25y² हा 5y चा. मधल्या पदाकडे मात्र तिनं पाहिलंच नव्हतं.

आम्ही लातूरकडचे, म्हणून मी फळ्यावर शेतच काढलं. चौरस शेत, प्रत्येक बाजू 2x + 5y. लगतच्या दोन बाजूंवर एकाच कोपऱ्यापासून 2x अंतरावर खुणा केल्या आणि तिथून सरळ बांध घातले. चार तुकडे पडले. त्या कोपऱ्यातल्या चौरसात सोयाबीन, क्षेत्रफळ 4x². समोरच्या कोपऱ्यातल्या चौरसात तूर, 25y². उरले दोन सारखे आयत, त्यात उडीद. एकेका आयताची एक बाजू 2x, दुसरी 5y, म्हणजे क्षेत्रफळ 10xy. दोन्ही मिळून 20xy. आता 29xy एवढा उडीद पेरायला या शेतात जागाच नाही!

पूर्ण वर्ग त्रिपदी ओळखायची ती अशी. कडेच्या पदांची वर्गमुळं काढा, त्यांचा गुणाकार करा, दुप्पट करा. मधलं पद तेवढंच निघालं तर पूर्ण वर्ग. ते वजा असेल तर कंसातही वजा: 4x² − 20xy + 25y² = (2x − 5y)². दोन चलं असली की अक्षरंही तपासावी लागतात. 9x² + 6x + y² घाईत पूर्ण वर्ग वाटतं, पण मधे 6xy हवं होतं, तिथला y च गायब आहे.

तिच्या गणिताचे अवयव पडतात, फक्त वेगळे. 29 म्हणजे 4 + 25, म्हणून 4x(x + y) + 25y(x + y), म्हणजेच (4x + 25y)(x + y).

दोनच पदं, दोन्ही वर्ग आणि मधे वजा असेल तर काम आणखी सोपं: 9x² − 25y² = (3x − 5y)(3x + 5y). मधे अधिक असेल, जसं 9x² + 25y², तर ते तसंच सोडायचं. घातांकात एक चूक हमखास होते. x¹⁶ चं वर्गमूळ पोरं x⁴ लिहितात. घातांक निम्मा करायचा असतो, म्हणून x⁸.

मला स्वतःला आवडतात ती दोन्ही रूपं एकात दडलेली गणितं. x² − 6xy + 9y² − 16 मध्ये चार पदं आहेत, म्हणून पोरं दोन-दोनच्या जोड्या लावायला जातात आणि अडकतात. पहिली तीन एकत्र धरा. x आणि 3y चा गुणाकार 3xy, दुप्पट 6xy, जमलं. म्हणजे (x − 3y)² − 4², आणि हा झाला दोन वर्गांतला फरक: (x − 3y − 4)(x − 3y + 4).

त्या पोरीनं लगेच x = 5, y = 1 घालून पाहिलं. एकीकडे 25 − 30 + 9 − 16, दुसरीकडे (−2) × 6. दोन्हीकडे −12 आले, तेव्हा कुठं तिनं खाली रेघ ओढली.