‘पैसे कुठे दिले, वस्तू फुकट दिली’: प्रायोजित पोस्ट आणि दाव्याच्या पुराव्याबद्दल

जाहिरातीबद्दल तक्रार झाली की लहान व्यावसायिक उत्तरासोबत जे जोडतात ते साधारण ठरलेलं असतं: व्यवसाय नोंदणीचा दाखला, कच्च्या मालाची बिलं आणि समाधानी ग्राहकांच्या मेसेजचे वीस-पंचवीस स्क्रीनशॉट. यातलं काहीच मागितलेलं नसतं. मागितलेला असतो एकच कागद, दाव्याचा पुरावा, आणि तोही जाहिरात लागली त्या दिवसाच्या आधीचा. तो बहुतेकांकडे नसतो. मग दोन दिवसांत कुठून तरी चाचणी करून आणतात, तिच्यावर परवाची तारीख असते, आणि उत्तर फेटाळलं गेलं की नशिबाला दोष देतात.

भारतात अशा तक्रारीची दोन दारं आहेत. एक भारतीय जाहिरात मानक परिषद, जिला सगळे ‘आस्की’ म्हणतात. ही जाहिरात उद्योगाने स्वतःसाठी उभी केलेली संस्था. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासूनच्या पोस्टना लागू आहेत. दुसरं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचं सरकारी प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनचे नियम तपशिलात वेगळे आहेत, पण गाभा तोच. ग्राहकाला तुमच्यातलं नातं कळलं पाहिजे, आणि दावा छापण्याआधी त्याला आधार असला पाहिजे.

एका उदाहरणावरून जाऊ. समजा तुम्ही गरम-थंड ठेवणारी स्टीलची बाटली विकता. ५०० मिलीची. पोस्टवर लिहायचं आहे ‘२४ तास गरम’. एका इन्फ्लुएन्सरला बाटली पाठवली आहे, ती ४० सेकंदांचा व्हिडिओ करणार आहे. पैसे ठरलेले नाहीत.

नियम कोणाला लागतो

‘आम्ही लहान आहोत’ ही सवलत कुठेच लिहिलेली नाही. ‘पैसे दिलेच नाहीत’ हीसुद्धा नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. नियमात शब्द आहे तो ‘संबंध’. रोख रक्कम हा त्याचा एक प्रकार झाला. फुकट वस्तू, सवलत, भेट, सहल, विक्रीवरचं कमिशन, नोकरी, नातं हे सगळं त्यातच येतं. बाटली फुकट गेली म्हणजे संबंध आला, आणि व्हिडिओवर ‘ही जाहिरात आहे’ अशी नोंद आली. ‘आवडली तरच पोस्ट कर’ असं सांगून पाठवली तरी फरक पडत नाही. तुमच्या मावसभावाने स्वतःच्या खात्यावरून ‘काय बाटली आहे!’ असं लिहिलं तरी नोंद हवी. त्याला ती खरंच आवडली असेल, प्रश्न तो नाहीच. वाचणाऱ्याला तो तुमचा भाऊ आहे हे माहीत नसतं.

कोणी स्वतःच्या पैशांनी बाटली घेतली, तुमचा-तिचा काही संबंध नाही आणि तिने कौतुक केलं, तर नोंद लागत नाही. पण तीच पोस्ट तुम्हाला आवडली, तुम्ही तिला पुढच्या खरेदीवर सवलत दिली आणि ‘अजून एक टाक ना’ म्हणालात, तर त्या पुढच्या पोस्टपासून लागते. माणूस तोच असल्यामुळे हा बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

नोंद कुठे आणि किती वेळ

शब्दावरून फार डोकं फोडू नका. मराठी पोस्ट असेल तर ‘जाहिरात’ लिहा. आस्कीला नोंद इंग्रजीत किंवा जाहिरातीच्याच भाषेत चालते, ग्राहकाला ती समजली की झालं. ‘कोलॅबरेशन’ हा शब्द भारतात चालतो, पण ‘#collab’ किंवा ‘#sp’ अशी तोडकी रूपं अमेरिकेत संदिग्ध धरली जातात. सगळीकडे चालेल असा शब्द असताना चलाखी कशाला? ‘थँक्यू’ म्हणून ब्रँडला टॅग करणं ही तर नोंदच नव्हे.

जागा मात्र काटेकोर आहे. मजकुरात पहिल्या दोन ओळींत, म्हणजे ‘more’ वर बोट न लावता दिसेल अशी. शेवटच्या पंधरा हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेली नोंद नसल्यासारखीच. प्रोफाइलच्या वर ‘मी ब्रँडसोबत काम करते’ असं एकदाच लिहून ठेवलं तर तेही पुरत नाही, कारण पोस्ट पाहणारा प्रोफाइलवर जाईलच असं नाही.

व्हिडिओसाठी आस्कीने वेळ बांधून दिला आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत नोंदीची पट्टी निदान ३ सेकंद. त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीचा एक तृतीयांश. २ मिनिटं किंवा त्याहून मोठा असेल तर ब्रँडबद्दल बोलणं चालू आहे तो संपूर्ण भाग. आपला व्हिडिओ ४० सेकंदांचा. त्याचा तिसरा हिस्सा १३ सेकंदांच्या थोडा पुढे जातो, म्हणून १४ सेकंद ठेवा. इन्फ्लुएन्सरला ‘थोडा वेळ दाखव’ असं सांगू नका, आकडा सांगा. ‘थोडा वेळ’ म्हणजे अडीच सेकंद आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

अजून एक सापळा. तिचा व्हिडिओ चांगला चालला म्हणून तुम्ही पैसे भरून तो पुढे ढकलता. प्लॅटफॉर्म त्यावर आपोआप ‘Sponsored’ लावतो आणि तुम्ही निर्धास्त होता. त्या शब्दातून एवढंच कळतं की कोणीतरी ही जागा विकत घेतली. बोलणाऱ्या बाईला बाटली फुकट मिळाली हे त्यातून कळत नाही. तिची नोंद व्हिडिओत राहिलीच पाहिजे, कापताना ती उडाली नाही ना हे बघा.

तो कागद, जो कोणाकडे नसतो

आता ‘२४ तास गरम’. पुरावा मागितला की विक्रेता पुरवठादाराकडून आलेली पीडीएफ पुढे करतो. ती उघडून वाचलेली क्वचितच असते. वाचली तर दिसतं की चाचणी १ लिटरच्या बाटलीवर झाली आहे आणि तुम्ही विकता अर्ध्या लिटरची. हा किरकोळ फरक नाही. बाटली लहान झाली की आतल्या पाण्याच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, झाकणातून जाणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते पण ती द्यायला पाणी निम्मं असतं. म्हणून लहान बाटली लवकर निवते. मोठीचा कागद लहानला चालत नाही.

मग स्वतः मोजा. तीन बाटल्या घ्या, एक नको, कारण एखादीच चांगली निघालेली असू शकते. ९५ अंशांचं पाणी काठोकाठ भरा, झाकण लावा, खोलीचं तापमान लिहून ठेवा. ६, १२ आणि २४ तासांसाठी वेगवेगळ्या फेऱ्या करा, कारण मध्येच झाकण उघडून मोजलं की पुढचा आकडा बिघडतो. समजा २५ अंशांच्या खोलीत तुम्हाला सरासरी असं मिळालं: ६ तासांनी ७२ अंश, १२ तासांनी ५७, २४ तासांनी ३९. ३९ अंश म्हणजे कोमट. ‘२४ तास गरम’ संपलं. पुरवठादाराची १ लिटरची बाटली २४ तासांनी ५१ अंशांवर असेलही, पण ती तुम्ही विकत नाही.

आकड्यांनी दावा मारला असं नाही, त्यांनी तो कापून नीट केला. ‘५०० मिली, ९५ अंशांचं पाणी, १२ तासांनी ५० अंशांपेक्षा जास्त, झाकण न उघडता’ हे तुम्ही डोळे मिटून लिहू शकता. ‘१२ तास गरम’ मोठ्या अक्षरात लिहून अटी त्याखाली दिल्या तरी हरकत नाही. फक्त प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फाँटमध्ये आणि सहज दिसेल अशा जागी हवा. मराठी दावा आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी, हे बंद करा. खुलासा दाव्याला खोटंही पाडू शकत नाही. वर ‘२४ तास गरम’ आणि खाली ‘प्रत्यक्ष वेळ कमी असू शकते’ ही सुटका नव्हे, कबुली आहे.

चाचणीचा कागद साधा असला तरी त्यावर तारीख, बाटलीचा बॅच, थर्मामीटर कोणता, तिन्ही बाटल्यांचे वेगवेगळे आकडे आणि मोजणाऱ्याची सही असू द्या. फोटो काढले तर मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, तिच्यातली तारखेची माहिती गळून पडते. घरच्या चाचणीची मर्यादाही ओळखा. तापमान मोजणं जमतं. ‘९९.९ टक्के जंतू मरतात’ किंवा ‘यात शिसं नाही’ हे घरी मोजता येत नाही. तिथे प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर दावाच करू नका.

ग्राहकांचे स्क्रीनशॉट पुरावा का नाहीत, हे मला दर वेळी समजवावं लागतं. ‘माझा चहा संध्याकाळपर्यंत गरम राहिला’ हे तिचं मत आहे आणि खरंही असेल. पण ते तुम्ही जाहिरातीत छापलंत की वाचणारा समजतो, मलाही असंच होणार. म्हणजे तो दावा झाला, आणि दाव्याला पुन्हा तोच कागद लागतो. सवलत देऊन ‘पाच तारेच द्या’ सांगणं तर अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून थेट नियमानेच बंद आहे.

हा कागद इन्फ्लुएन्सरलाही पाठवा. २०१९ च्या कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही दंड आहे, आणि दाव्याची खातरजमा केल्याचं दाखवता आलं तर तिची सुटका आहे. जी इन्फ्लुएन्सर कागद मागते ती त्रासदायक वाटते. खरं तर तिच्याचसोबत काम करा.

पत्र आलंच तर

पहिल्यांदा पत्रातली उत्तराची तारीख बघा. ती उत्तर पोहोचण्याची असते, तुम्ही ते लिहायला बसण्याची नव्हे. मग वादातला दावा शब्दशः उतरवा आणि त्या दाव्यासमोर त्याचाच पुरावा ठेवा, दुसरं काही जोडू नका. बाटली चांगली आहे हे सांगणारी चार पानं कोणी वाचत नाही. पुरावा नसेल तर तसं लिहा, पोस्ट काढा किंवा दुरुस्त करा, आणि कधी काढली ते कळवा. इन्फ्लुएन्सरच्या खात्यावर, जुन्या स्टोरीच्या हायलाइटमध्ये, विक्रीच्या पानावरच्या चौथ्या फोटोवर तोच ‘२४ तास’ अजून लटकत असतो. तो शोधा. दुसरी तक्रार सहसा त्या चौथ्या फोटोवरून येते.