लेजंड काढा, नावं नका काढू

उन्हाळा लागला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये टँकरचे एक्सेल चार्ट फिरायला लागतात, आणि "एकदम क्लीन केलाय बघा" म्हणून जो येतो त्यात ग्रिडलाइन नाही, लेजंड नाही आणि सहा रंगीत रेघांपैकी कुठली कोणत्या विंगची तेही नाही. हे क्लीन नाही हो, हे कोरं आहे.

ग्रिडलाइनचं फार काही नाही. मागच्या आडव्या रेघांवर क्लिक करा, Delete दाबा, झालं. फक्त त्या झटक्यात डावीकडचे आकडेही उडवलेत तर मुख्य रेघेच्या पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवर आकडा टाका, नाहीतर रेघ वर गेली म्हणजे किती गेली ते कळणार कसं.

लोक अडकतात ते लेजंडमध्ये. लेजंडचा डबा वेगळा आणि त्यातली नावं वेगळी! डबा नको असतो कारण वाचणाऱ्याला रंग बघायचा, खाली जायचं, नाव शोधायचं, परत वर यायचं असं करावं लागतं, आणि तोच चार्ट झेरॉक्स होऊन नोटीस बोर्डावर लागला की सगळे रंग करडेच. पण नाव तर हवंच, ते उचलून रेघेच्या टोकाला ठेवायचं असतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

समजा डी विंगचे टँकर जानेवारीत महिन्याला 14 होते, मेमध्ये 41 झाले आणि बाकीच्या पाच विंगा 10 ते 18 मध्येच फिरतायत. एक्सेलमध्ये डीच्या रेघेवर एकदा क्लिक केलं की अख्खी रेघ निवडली जाते, मग मेच्या बिंदूवर परत एकदा क्लिक, म्हणजे तेवढाच बिंदू राहतो. राइट क्लिक करून Add Data Label, मग Format Data Labels मध्ये Series Name वर टिक करा आणि जागा Right ठेवा. Value ची टिकही राहू द्या, 41 दिसायलाच हवं. नाव कापलं जात असेल तर प्लॉटचा भाग उजवीकडून थोडा आत ओढा. डीची रेघ जाड आणि गडद करा, बाकीच्या पाच बारीक, करड्या. त्या पाच टोकाला एकमेकींवर चढल्या असतील तर पाच लेबलं कोंबू नका, एकच "बाकी विंगा" लिहा. मात्र उद्या सी विंगवाले "आमचे किती" विचारणार असतील तर त्यांना आकड्यांचा तक्ता वेगळा द्या, या चार्टमध्ये ते घुसवू नका.

एक गोची आहे. हे लेबल त्या बिंदूला चिकटलेलं असतं, रेघेच्या टोकाला नाही. जूनची ओळ वाढवून चार्टच्या डेटात घेतली की रेघ पुढे जाते आणि "डी विंग 41" मेवरच लटकत राहतं, त्यामुळे दर महिन्याला जुनं लेबल काढून नव्या बिंदूवर टाकावं लागतं.