घरातल्या दागिन्यांचा विमा: पॉलिसी कशी घ्यायची, कोणते कागद लागतात आणि दावा कुठे अडतो

घराचा विमा काढला की कपाटातले दागिनेही आपोआप विम्याखाली आले, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2021 पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी विकावी लागते. त्यात इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये इतकं संरक्षण यादी न देताही मिळतं. मात्र हे सामान म्हणजे फ्रीज, टीव्ही, फर्निचर, भांडी, कपडे. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू यांचा गट वेगळा आहे. त्याला मौल्यवान वस्तू म्हणतात आणि त्याचं संरक्षण मागून, वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मूळ पॉलिसीत आग, पूर, भूकंप, वादळ, दंगल अशी संकटं आहेत. चोरीही आहे, पण फक्त अशा एखाद्या संकटामुळे आणि ते घडल्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली. म्हणजे पुरात घर सोडावं लागलं आणि त्या गोंधळात कपाट रिकामं झालं, तर भरपाई मिळेल. तुम्ही गावाला गेलात आणि कुलूप तोडून कुणी दागिने नेले, तर मूळ पॉलिसीत काहीही मिळणार नाही. त्यासाठी घरफोडीचं जोडसंरक्षण किंवा घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: ‘दागिन्यांना घरफोडी लागू आहे का, आणि किती रकमेपर्यंत?’ उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या तक्त्यात छापलेलं दाखवायला सांगा.

विमा कोण घेऊ शकतो, याची अट सोपी आहे. घरमालक इमारत आणि सामान दोन्हींचा घेऊ शकतो, भाडेकरू फक्त सामानाचा. सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांच्या वस्तू धरल्या जातात. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीने ‘सांभाळायला’ ठेवलेले दागिने मात्र गृहीत धरू नका, तिथे वाद होतो. ते तिने तिच्या घराच्या पॉलिसीत घ्यावेत, किंवा तुमच्या पॉलिसीत चालतील असं कंपनीकडून लेखी घ्यावं. अर्जासोबत ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो. 1 जानेवारी 2023 पासून केवायसीशिवाय नवी पॉलिसी मिळत नाही.

मूल्यांकन कधी लागतं

भारत गृह रक्षात मौल्यवान वस्तूंचा विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’वर असतो. पॉलिसी घेतानाच प्रत्येक वस्तूची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता आणि वस्तू पूर्ण गेली तर तीच किंमत मिळते. यासाठी मूल्यांकन प्रमाणपत्र द्यावं लागतं. एकूण विमा रक्कम 5 लाखांपर्यंत असेल आणि एकही वस्तू 1 लाखाच्या वर नसेल, तरच ते माफ आहे. सोन्याच्या आजच्या भावात साधं मंगळसूत्रही ही मर्यादा सहज ओलांडतं. त्यामुळे बहुतेक घरांना प्रमाणपत्र लागणारच असं धरून चाला.

ते नेहमीच्या सराफाकडून साध्या लेटरहेडवर आणण्यापेक्षा सरकारमान्य नोंदणीकृत मूल्यांककाकडून घ्या. अहवालात प्रत्येक दागिन्याची वेगळी ओळ हवी: ढोबळ वजन, खडे-मोती-लाख वजा करून निव्वळ वजन, शुद्धता, धरलेला भाव आणि त्या भावाची तारीख. ‘सोन्याचे दागिने, एकूण 140 ग्रॅम’ असा एका ओळीचा अहवाल दाव्याच्या वेळी निरुपयोगी ठरतो, कारण गेलेल्या पाटल्या त्यातल्या नेमक्या किती हे त्यावरून कळत नाही.

मालकीचा पुरावा

सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल आणि हॉलमार्क. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असल्याशिवाय ते विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये `Verify HUID` इथे तो टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि तपासणी केंद्र दिसतं. क्रमांक अगदी बारीक असतो. दागिना घरात आहे तोवरच भिंगाखाली वाचून यादीत लिहून ठेवा, कारण दागिना गेल्यावर तो वाचायचा कुठून? कुंदन, पोलकी, जडाऊ आणि 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही. त्यांच्यासाठी बिल आणि फोटो यांवरच भिस्त असते.

खरी अडचण आजीकडून आलेल्या दागिन्यांची. ठुशी, तोडे, कोल्हापुरी साज यांचं बिल कुणाकडे असणार? तरीही पुरावा गोळा होतो, एका कागदात नाही तर चार कागदांत. मूल्यांकन अहवाल, लग्नात किंवा बारशाला तो दागिना घातलेला स्पष्ट फोटो, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र असेल तर त्यातला उल्लेख, आणि गाठवलेल्या किंवा पॉलिश केलेल्या दागिन्याची सराफाची पावती. एक कागद लोक हमखास विसरतात: सोनेतारण कर्जाची पावती. तारण ठेवताना बँक प्रत्येक नगाचं नाव आणि वजन लिहून देते. कर्ज फिटलं म्हणून ती फाडू नका. तिऱ्हाइताने वजन करून दिलेला हा पुरावा आहे.

मोड देऊन नवा दागिना घेतलात तर बिल नीट वाचा. बऱ्याचदा मोडीची रक्कम वजा करून उरलेला आकडाच ठळक असतो आणि 40 ग्रॅमच्या पाटल्या 60 हजारांना घेतल्यासारखं दिसतं. नव्या दागिन्याचं पूर्ण वजन, भाव, घडणावळ आणि मोडीचं वजन या चारही गोष्टी बिलावर लिहून घ्या. उष्णतेवर छापलेली बिलं दोनतीन वर्षांत पुसट होतात, म्हणून झेरॉक्स लगेच काढा.

विवाहित स्त्रीकडे 500, अविवाहित स्त्रीकडे 250 आणि पुरुषाकडे 100 ग्रॅम सोन्याचा जो नियम सांगितला जातो, त्याचा इथे काही उपयोग नाही. तो प्राप्तिकराच्या छाप्यात काय जप्त करू नये याबद्दलचा 1994 चा निर्देश आहे. विमा कंपनी त्याला मालकीचा पुरावा मानत नाही.

यादी

यादी वहीत करा किंवा एक्सेलमध्ये, पण प्रत्येक नगाला एक ओळ द्या. नाव, ढोबळ आणि निव्वळ वजन, शुद्धता, एचयूआयडी, बिल क्रमांक आणि तारीख, फोटो क्रमांक, ठरलेली किंमत. जोडीच्या वस्तू जोडी म्हणूनच लिहा, पण दोन्हींचं वजन वेगळं द्या. फोटो तीन काढा: पूर्ण दागिना, हॉलमार्कचा जवळून, आणि वजनकाट्यावर आकडा दिसेल असा. ही यादी दागिन्यांच्याच कपाटात ठेवू नका. स्वतःला ईमेल करा आणि अर्जासोबत कंपनीला देऊन पोच घ्या. कंपनीकडे आधीपासून असलेल्या यादीला दाव्यात जे वजन असतं, ते चोरीनंतर बनवलेल्या यादीला कधीच नसतं.

उपमर्यादा

आता एक उदाहरण. समजा एका घरात पाटल्यांची जोडी 2 लाख 80 हजारांची, मंगळसूत्र 2 लाख 20 हजारांचं, ठुशी दीड लाखाची, नथ 40 हजारांची, चांदीची पूजेची भांडी 60 हजारांची आणि बुगड्या 30 हजारांच्या. एकूण 7 लाख 80 हजार. त्यांनी घेतलेल्या घरफोडीच्या पॉलिसीत सामानाची विमा रक्कम 12 लाख आहे, पण बारीक अक्षरांत दोन अटी आहेत: दागिन्यांची भरपाई सामानाच्या 25 टक्क्यांपर्यंत, आणि वेगळी न नोंदवलेली कोणतीही एक वस्तू किंवा जोडी 1 लाखापर्यंत. (हे आकडे कंपनीगणिक बदलतात, तुमच्या पॉलिसीतले पाहा.)

घरफोडीत पाटल्या, मंगळसूत्र आणि नथ गेली. नुकसान 5 लाख 40 हजारांचं. 25 टक्के म्हणजे 3 लाख, निदान तेवढे तरी मिळतील असं वाटतं. पण एका वस्तूची मर्यादा आधी लागते: पाटल्यांचे 1 लाख, मंगळसूत्राचे 1 लाख, नथीचे 40 हजार. हातात 2 लाख 40 हजार, त्यातून पॉलिसीत ठरलेली स्वतःच्या खिशातली रक्कम वजा. हेच दागिने नगवार यादी आणि मूल्यांकनासह ठरलेल्या किमतीवर, घरफोडी जोडून घेतले असते, तर 5 लाख 40 हजारांतून तेवढी वजावट होऊन बाकी मिळाले असते.

जोडीतली एकच पाटली गेली तर अनेक पॉलिसींत जोडीच्या किमतीतला तिचाच हिस्सा मिळतो, इथे ठरलेल्या किमतीवर विमा असता तर साधारण 1 लाख 40 हजार. उरलेली एकटी पाटली आता वापरात राहिली नाही, हे कारण चालत नाही. सोन्याची नाणी, बिस्किटं आणि न जडवलेले हिरे-माणकं भारत गृह रक्षात वगळलेली आहेत. ‘नथ कुठे पडली कळत नाही’ यालाही भरपाई नाही, कारण नुकसान एका निश्चित घटनेशी जोडता यावं लागतं.

पॉलिसी घरच्या पत्त्यापुरती असते. लग्नाला दागिने घालून निघालात की ती मागे राहते. त्यासाठी बाहेर अंगावर असतानाही चालेल असा ‘ऑल रिस्क’ विमा वेगळा मिळतो. लॉकरमधल्या दागिन्यांचा विमा बँक काढत नाही. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच आहे, म्हणजे भाडं 3 हजार असेल तर 3 लाख.

चोरी झाल्यावर

काहीही आवरू नका. पोलिसांना कळवा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या. फिर्यादीत गेलेल्या वस्तू यादीतल्याच नावांनी आणि वजनांनी लिहा. घाईत ‘अंदाजे दहा तोळे’ लिहिलं आणि नंतर यादी चौदा तोळ्यांची दिली, तर नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न त्या फरकावर येतो. काही दागिने गेल्याचं आधी लक्षात आलं नसेल तर पुरवणी जबाब लवकर द्या.

घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात: तुटलेला कडीकोयंडा, कापलेले गज. त्या पंचनाम्यात आल्याच पाहिजेत. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम 331, म्हणजे गृहभेदनाचं, लागलं आहे का ते पाहा. फक्त 305, म्हणजे राहत्या घरातली चोरी, लागलं असेल आणि कुलूप खरोखर तुटलेलं असेल, तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन ते निदर्शनाला आणा. घरकामाच्या माणसाने केलेली चोरी बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, ती हवी असेल तर घेतानाच विचारावी लागते. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, हेही तेव्हाच पाहून घ्या.

चोर सापडला नाही तर कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात: गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. तो मिळायला महिने लागतात. तोवर बाकीचे कागद देऊन सर्व्हे पूर्ण करून घ्या आणि समरीसाठी पोलीस ठाण्यात केलेल्या अर्जाची पोच कंपनीला द्या. दावा नाकारला किंवा कापला तर कारण पॉलिसीतल्या कलमासह लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाकडे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

पॉलिसी अनेक वर्षांची घेतली असेल, तरी ठरलेली किंमत सोन्याच्या भावाबरोबर आपोआप वाढत नाही. दरवर्षी मुदतीच्या महिनाभर आधी ताज्या भावाने मूल्यांकन करून वाढीव रकमेचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, घ्या, आणि मोडलेले दागिने यादीतून काढून नवे त्याच वेळी घाला.